शून्य पूर्णांक शून्य टक्के

साधना नेरची. तिचे वडील उकंडा तिथल्या बाजार समितीत कापसाचे मापारी होते, आणि आई रुखमाबाई घरच्या घरी शिलाई करायची. घरात पहिली पदवी साधनाची. यवतमाळच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेऊन ती बाहेर पडली तेव्हा तिच्या सोबतच्या मुली पुण्याला गेल्या. ती गेली नाही. बापाचे गुडघे गेले होते, भाऊ लहान होता. यवतमाळात दारव्हा रोडवर एका संस्थेत तिला काम मिळालं आणि नेरहून रोज एसटीनं येणंजाणं जमू लागलं.

संस्था कापसावर काम करायची. जिल्ह्यातल्या पन्नासेक गावांत त्यांनी एकेक माणूस नेमला होता. त्याला सर्वेक्षक म्हणत. दर आठवड्याला त्यानं ठरलेल्या वावरातून वीस हिरवी बोंडं तोडायची, ती चिरून पाहायची आणि किती बोंडांत गुलाबी अळी सापडली ते मोबाईलवरून यवतमाळला कळवायचं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरनं त्यावरून टक्केवारी काढायची. दहा टक्के किंवा त्याच्या वर गेली, की त्या गावातल्या सगळ्या शेतकऱ्यांच्या मोबाईलवर सावधगिरीचा मेसेज. दहाच्या खाली असली तरी मेसेज जायचाच, पण तो दिलाशाचा. प्रादुर्भाव इतका इतका आहे, फवारणीची गरज नाही.

हे सगळं प्रफुल्लसर बघत. शेतकीची पदवी असलेला, चाळिशीतला, सावकाश बोलणारा माणूस. साधनाला त्यांनी हिशेबाचा प्रोग्रॅम लिहायला सांगितला तो दोन हजार सतराच्या जूनमध्ये, पेरणीच्या धांदलीत. याआधी हे काम एक्सेलवर हातानं व्हायचं आणि मेसेज जायला चार-चार दिवस लागायचे.

पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा ती मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शिकली होती. भावाच्या नावानं हप्त्यावर घेतलेल्या लॅपटॉपवर तिनं घरी बसून प्रोग्रॅम लिहिला. त्यातली मुख्य ओळ साधी होती. किडकी बोंडं भागिले तपासलेली बोंडं, गुणिले शंभर:

takke = kidki / tapasli * 100

तपासायला म्हणून तिनं वीसपैकी अकरा असा आकडा घातला. उत्तर आलं ५५.००००००००००००१. ती गोंधळली. मग व्हिडिओतूनच तिला कळलं की कॉम्प्युटर दशांश आपल्यासारखे नेमके ठेवत नाही, शेपटाला अशी कणभर धूळ राहते, तिचं काही वाटून घ्यायचं नसतं. दाखवताना एकच दशांश स्थळ दाखवायचं. तिनं छापायची ओळ बदलली:

print('%.1f' % takke)

आता ५५.० आलं. स्वच्छ. वीसपैकी सातला ३५.०, वीसपैकी तीनला १५.०. प्रफुल्लसरांना तिनं लॅपटॉप उघडून दाखवलं. त्यांना तो एक दशांश फार आवडला. ते म्हणाले की नुसतं पस्तीस म्हटलं की अंदाजे वाटतं, पस्तीस पूर्णांक शून्य म्हटलं की मोजल्यासारखं वाटतं.

ऑफिसात कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर होता. आधीच्या कुणा स्वयंसेवकानं तो बसवून दिला होता आणि मेसेज पाठवायची सगळी जोडणी त्याच्यावर होती. साधनानं पेन ड्राइव्हवरून प्रोग्रॅम त्याच्यावर टाकला आणि चालवून पाहिला. जुलै लागला होता, झाडाला बोंड नव्हतं, सर्वेक्षक सरावापुरते वीसपैकी शून्य असेच आकडे पाठवत होते. कॉम्प्युटरनं ०.० दाखवलं. कुठंही चूक म्हणून लाल अक्षर आलं नाही. तिनं मान डोलावली आणि काम झालं असं धरलं.

त्या कॉम्प्युटरवर पायथनची जुनी आवृत्ती होती, दुसरी. तिच्या लॅपटॉपवर तिसरी. हे तिच्या डोक्यात आलं नाही. प्रोग्रॅम दोन्हीकडं बिनतक्रार चालत होता, मग यायचं तरी कशाला?

*

सर्वेक्षकांत पुसद तालुक्यातल्या पिंपळदरीचा भीमसिंग होता. गावाला लागून असलेल्या तांड्यावर त्याचं घर. तीन एकराचं वावर, त्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि मधात तुरीच्या ओळी. बारावीपर्यंत शिकलेला, अक्षर चांगलं. साधनाची नि त्याची गाठ प्रशिक्षणाच्या वेळी एकदाच पडली होती, पण फोनवर बोलणं व्हायचं. तो इतर सर्वेक्षकांसारखा नुसता आकडा टाकून मोकळा व्हायचा नाही. फुलं गुलाबासारखी मिटून बसली आहेत, अशा अळी लागलेल्या डोमकळ्या दिसू लागल्या आहेत, सापळ्यात पतंग आले आहेत, असं काही ना काही सांगायचा.

सप्टेंबर लागल्यावर त्याचा पहिला आकडा आला. वीसात तीन. गावाला मेसेज गेला तो ०.० टक्क्यांचा. पुढच्या आठवड्यात सात, आणि पुन्हा ०.०.

त्यानं फोन केला. आवाज हळू होता. ताई, मी सात लिहून पाठवले, पोचले का? साधनानं पाहिलं. सात पोचले होते. ती म्हणाली, पोचले आहेत. समोर प्रफुल्लसर होते, तिनं त्यांना विचारलं. ते दुसऱ्याच विवंचनेत होते. त्या दिवसांत जिल्ह्यात फवारणी करणाऱ्यांना विषबाधा होत होती. माणसं चक्कर येऊन बांधावर पडत होती, कुणाला दिसेनासं होत होतं, काही गेलीही. रोज पेपरात आकडा वाढत होता. अशा वेळी फवारणीची गरज नाही असा मेसेज पन्नास गावांना जातोय याचं त्यांना हायसं वाटत होतं. कलेक्टर कचेरीतल्या बैठकीतही त्यांनी तसं सांगितलं होतं. ते साधनाला म्हणाले की सर्वेक्षक नवीन आहेत, बोंडातला एखादा लालसर डागही त्यांना अळी वाटतो, आणि कॉम्प्युटर सगळं धरून हिशेब करतोय ना?

करतोय, असं साधना म्हणाली. तिनं भीमसिंगला तसंच सांगितलं. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढं कळलं ते असं. पिंपळदरीत पुंडलिकराव म्हणून एक वयस्क शेतकरी होते. वीस एकर पऱ्हाटी, गावात शब्दाला मान. भीमसिंगनं चावडीसमोर चिरलेली बोंडं आणून दाखवली आणि म्हटलं की अळी आली आहे, काहीतरी करावं लागेल. पुंडलिकरावांनी चष्मा लावून मोबाईल काढला आणि संस्थेचा मेसेज सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. शून्य पूर्णांक शून्य. मग त्यांनी भीमसिंगला विचारलं की यवतमाळचं मशीन खरं की तू? लोक हसले. पुंडलिकरावांनी स्वतःच्या वावरातले पतंग धरायचे कामगंध सापळे काढून टाकले, कारण सापळ्यानंच पतंग वावरात येतात असं कुणीतरी म्हणालं होतं.

भीमसिंग त्यानंतरही आकडे पाठवत राहिला. बारा. मग सतरा. फोन मात्र त्यानं करायचं सोडलं.

*

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात साधना सकाळी ऑफिसात आली तेव्हा प्रफुल्लसर कॉम्प्युटरसमोर उभे होते. पडद्यावर गावांची यादी होती आणि प्रत्येकापुढं ०.०. फक्त पिंपळदरीपुढं १००.० होतं. लाल रंगात. सर वैतागले होते. शून्यावरून एका आठवड्यात शंभरावर काही जात नाही, त्या माणसानं घरी बसून आकडा ठोकला असणार, असं त्यांचं म्हणणं. त्याची नोंद आजच्या पुरती बाजूला ठेव, मेसेज जाऊ देऊ नको, आणि त्याला विचार.

साधनानं फोन लावला. भीमसिंगनं बऱ्याच वेळानं उचलला.

"भीमसिंगभाऊ, या वेळेला वीसच्या वीस लिहिलेत तुम्ही?"

"वीस चिरले, विसाईत होती."

"मागच्या आठवड्याला किती होती?"

"सतरा. लिहून धाडलं होतं ना, ताई. त्याच्या आधी बारा." मग त्यानं उलट विचारलं. "आज काहून इचारून राह्यल्या?"

तिनं फोन कानाला तसाच धरून सर्वेक्षकांच्या मूळ नोंदी उघडल्या. सतरा तिथं होते. बारा होते, सात होते, तीन होते. प्रत्येकापुढं कॉम्प्युटरनं काढलेली टक्केवारी होती. ०.०, ०.०, ०.०, ०.०. मग तिनं दुसरी गावं पाहिली. महागावकडच्या एका गावात वीसपैकी नऊ आणि पुढं ०.०. घाटंजीकडं चौदा, पुढं ०.०. भीमसिंगला तिनं पुन्हा फोन करते म्हटलं.

जुन्या कॉम्प्युटरवर तिनं प्रोग्रॅम बाजूला ठेवून नुसतं टाइप केलं: 17 / 20. उत्तर आलं 0. शेजारी लॅपटॉप ठेवून त्याच्यावर तेच टाइप केलं. उत्तर आलं 0.85.

प्रफुल्लसर मागं येऊन उभे राहिले होते. काय झालं ते त्यांनी विचारलं. तिला नीट सांगता येईना. ती तुटक तुटक सांगत गेली. जुन्या पायथनमध्ये पूर्ण संख्येला पूर्ण संख्येनं भागलं की उत्तरही तो पूर्ण संख्येतच देतो. दशांशाचा भाग कापून टाकतो. पुढच्या आकड्याला नेतसुद्धा नाही, नुसता कापतो. सतरा भागिले वीस म्हणजे शून्य पूर्णांक पंच्याऐंशी, त्यातलं पंच्याऐंशी कापलं, राहिलं शून्य. मग शून्याला शंभरानं गुणलं तर शून्यच. एकोणीस बोंडं किडकी असती तरी शून्यच आलं असतं.

"आणि वीसची वीस असली की?" सरांनी विचारलं.

"वीस भागिले वीस एक. एक गुणिले शंभर, शंभर."

"म्हणजे गावातलं शेवटचं बोंड सडलं, तेव्हाच हे बोललं."

त्या ०.० मधल्या टिंबापुढच्या शून्याकडं साधना पाहत होती. ते तिनंच लावलं होतं. कॉम्प्युटरच्या पोटात नुसतं कोरडं शून्य होतं, तिच्या ओळीनं त्याला एक दशांश जोडून मोजल्यासारखं करून दिलं होतं. नुसतं शून्य इतके आठवडे प्रत्येक गावापुढं दिसलं असतं, तर कदाचित कुणालातरी शंका आली असती.

दुरुस्तीला वेळ लागला नाही. आधी घाईत तिनं शंभर पुढं घेतला, म्हणजे शंभर गुणिले किडकी, मग भागाकार. सतराशे भागिले वीस, पंच्याऐंशी. बरोबर. सर म्हणाले, झालं? ती झालं म्हणणार होती, पण आता तिला स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नव्हता. तिनं नेरकडच्या सात गावांची बेरीज घातली. तिथं कीड कमी होती, एकशेचाळीस बोंडांत तेरा. कॉम्प्युटर म्हणाला ९.०. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर तिनं करून पाहिलं, नऊ पूर्णांक अठ्ठावीस. म्हणजे कापणं चालूच होतं, फक्त आता ते शेपटाला होत होतं. नऊ पूर्णांक नऊ असलं तरी हा नऊच म्हणणार. तिनं ओळ पुन्हा लिहिली:

takke = float(kidki) / tapasli * 100

एक संख्या आधीच दशांशाची करून घेतली, की जुनी आवृत्तीही पुरा भागाकार करते. एकशेचाळीसात तेराला ९.३ आलं. वीसात सतराला ८५.०. दहा टक्क्यांची तुलना तिनं या पुऱ्या आकड्याशी ठेवली, छापलेल्या एका दशांशाशी नाही. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. पावसामुळं एखाद्या गावात पाहणीच झाली नाही, तर तपासलेली बोंडं शून्य येतील. तिथं भागाकार करायला गेलं तर प्रोग्रॅम बंद पडेल, आणि उगाच शून्य दाखवलं तर पुन्हा तेच खोटं. तिथं तिनं टक्केवारी न दाखवता पाहणी नाही असं लिहिलं.

मग प्रोग्रॅम सगळ्या नोंदींवर चालवला. ०.० चा रकाना एकेक करून बदलत गेला. ४५.०, ७०.०, ८५.०, ६०.०, ९५.०. पन्नासपैकी चाळीसच्या वर गावं दहाच्या पुढं. बहुतेक ती सप्टेंबरातच गेली होती.

प्रफुल्लसर खुर्चीवर बसले. ते साधनाला एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

*

मेसेज पाठवायचे, पण काय पाठवायचं? ठरलेल्या मजकुरात फवारणी करावी असं होतं. अळी आता बोंडाच्या आत शिरली होती, बाहेरून औषध मारून ती मरणार नव्हती. उलट घाबरून लोक दुहेरी तिहेरी औषधं कालवून मारतील आणि आणखी कुणी बांधावर पडेल, ही सरांना भीती. त्यांनी फवारणीची ओळ काढून टाकली आणि कृषी सहायकाचा सल्ला घ्या असं घातलं. साधना म्हणाली की आधीचे आकडे चुकीचे होते, सर्वेक्षकांनी पाठवलेले बरोबर होते, हेही त्यात लिहूया. एवढीच ओळ. सरांनी दुपारपर्यंत संस्थेच्या वरच्या लोकांना फोन केले, मुंबईला, दिल्लीला. मग येऊन म्हणाले की ते नको. संस्थेवरचा विश्वास उडाला तर यापुढचा मेसेज कुणी वाचणार नाही. आजपासून बरोबर आकडे जातील, तेवढं पुरे.

"सर, लोक सर्वेक्षकांना खोटं समजून राह्यले."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "माझ्या हातात नाही."

ते खरं बोलत होते. तिच्या हातात तर तेवढंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साधनानं रजा टाकली. आईला तिनं पुसदला मैत्रिणीकडं जाते असं सांगितलं. रुखमाबाईनं पोरीच्या तोंडाकडं पाहिलं आणि डबा दिला. पुसदहून पुढं पिंपळदरीला काळीपिवळी मिळाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी कमरेच्या वर उभी होती, हिरवीगार, बोंडांनी लगडलेली. गाडीतून पाहणाऱ्याला पीक उत्तम आहे असंच वाटलं असतं.

भीमसिंग फाट्यावर आला होता. तिनं फोनवर त्याला सगळं सांगितलं नव्हतं. चालता चालता सांगितलं. दोन कॉम्प्युटर, दोन आवृत्त्या, कापलेला दशांश. त्याला किती कळलं तिला समजेना. त्यानं मधेच एकदा विचारलं, म्हणजे माझे आकडे बरोबर होते? ती हो म्हणाली. तो चालत राहिला.

पुंडलिकराव त्यांच्या वावरातच होते, दोन बायांना घेऊन पहिला वेचा करत. साधनानं त्यांना नमस्कार केला, आपण कोण ते सांगितलं. यवतमाळहून संस्थेची बाई आली म्हटल्यावर त्यांनी गड्याला पाणी आणायला पाठवलं. तिनं बसायच्या आधीच सांगून टाकलं. इतके दिवस तुम्हाला आलेले मेसेज चुकीचे होते. हिशेबाचा प्रोग्रॅम मी लिहिला होता, तो चुकला. भीमसिंगभाऊ पहिल्यापासून खरं सांगत होते.

पुंडलिकराव कमरेला बांधलेल्या ओट्यातला कापूस खाली ठेवून बसले. कापूस पिवळट होता, पाकळ्या न सुटलेला, गाठी गाठींचा. त्यांनी झाडाचं एक हिरवं बोंड तोडलं, नखानं फोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती. त्यांनी ते तिच्यापुढं धरलं नाही, नुसतं पाहिलं आणि टाकून दिलं.

"आमी डोयानं पाहत होतो, बाई," ते म्हणाले. "फुलं मिटलेली दिसत होती. पन मोबाईल म्हने शून्य. पॉइंट शून्य म्हने. आमाले वाटलं, इतकं बारीक मोजून राह्यले ते लोक, ते काय चुकतीन."

साधनाला रडू येत होतं, पण तिथं रडणं तिला लाजिरवाणं वाटलं. ती म्हणाली की पुढच्या वर्षी असं होणार नाही.

"पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी," पुंडलिकराव म्हणाले. मग ते भीमसिंगकडं वळले आणि त्यांना काहीतरी बोलायचं होतं असं दिसलं, पण ते बायांना पुढची ओळ धरायला सांगून उठले.

परत निघताना भीमसिंगनं तिला आपलं वावर दाखवलं. वाटेवरच होतं. तिला वाटलं होतं की याचं तरी वाचलं असेल. यानं स्वतः बोंडं चिरली होती, सप्टेंबरपासून याला माहीत होतं. पण तीच पऱ्हाटी, तीच न उमललेली, बुंध्याशी गळून पडलेली बोंडं.

"तुम्ही काही केलं नाही, भाऊ? तुम्हाला तर ठाऊक होतं."

भीमसिंग बांधावर उकिडवा बसला. "पहिल्या दोन वेळेस केलं. डोमकळ्या तोडल्या, जाळल्या. मंग तुमचा शून्य आला, परत शून्य आला. गावानं हसलं त्याचं काई नाई. पन मले वाटलं, मीच चुकून राह्यलो. आपल्याले अळी वळखता येत नसन. तुमाले इचारलं, तुमी म्हनल्या, बरोबर हाय." त्यानं एक ढेकूळ उचलून बोटानं फोडलं. "शेवटच्या वेळेस वीस लिहिले ते बी मी दोनदा मोजून लिहिले, ताई. माह्याच डोयाचा मले भरवसा राह्यला नवता."

तिनं डबा उघडून त्याला पोळी भाजी दिली. त्यानं घेतली. दोघं बांधावर बसून जेवले.

*

बरोबर आकड्यांचे मेसेज त्या आठवड्यापासून जाऊ लागले. गावोगावचे लोक ऐंशी, नव्वद वाचून हबकले. सरांनी फवारणीची ओळ काढली होती, तरी अनेकांनी फवारलं. पिंपळदरीत पुंडलिकरावांच्या शेजारचा पूनमसिंग दोन औषधं एकत्र करून भर उन्हात पंप घेऊन वावरात शिरला आणि संध्याकाळी त्याला यवतमाळच्या दवाखान्यात आणलं. साधना त्याला बघायला गेली. डोळ्यांवर ओली पट्टी ठेवून तो पडला होता. ती कोण हे त्याच्या बायकोला, हंसाबाईला माहीत नव्हतं. हंसाबाईनं तिला दवाखान्यातली कुणी बाई समजून विचारलं की याला दिसेल ना? साधना म्हणाली की डॉक्टर सांगतील. पूनमसिंग वाचला. दिसू लागलं, पण उन्हात डोळे उघडे ठेवणं त्याला पुढं कधी जमलं नाही.

आधी मेसेज वेळेवर गेला असता तर काय झालं असतं, याचा हिशेब साधना कितीतरी दिवस करत राहिली. सप्टेंबरात पंधरा टक्क्यांना लोकांनी डोमकळ्या तोडल्या असत्या, सापळे ठेवले असते, कदाचित निम्मं वाचलं असतं. कदाचित लोकांनी तेव्हाच जास्त फवारलं असतं आणि दवाखान्यातल्या खाटा आणखी भरल्या असत्या. हे कुठल्याच भागाकारात बसत नव्हतं.

त्या वर्षी संस्थेच्या अहवालात एक वाक्य आलं, की हंगामाच्या मध्यावर संगणकप्रणालीत आवश्यक सुधारणा करण्यात आली. प्रफुल्लसरांनी ते वाक्य तिला आधी दाखवलं आणि मान खाली घातली. पुढच्या हंगामात साधना रोज संध्याकाळी सर्वेक्षकांना फोन करायची आणि मेसेज जायच्या आधी प्रत्येक गावाचा आकडा त्यांना वाचून दाखवायची. कुणी सांगितलं नव्हतं तरी करायची. तिसऱ्या वर्षी बाहेरचा निधी थांबला आणि संस्थेनं ते काम बंद केलं.

भीमसिंग त्याच्या आधीच गेला होता. तांड्यावरच्या लोकांसोबत ऊसतोडीला, सांगलीकडं. त्याचा नंबर काही दिवस लागला, मग भलत्याच माणसानं उचलला.

साधना आता नेरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. पायथनही शिकवते. सगळीकडं नवी आवृत्ती आहे, साधा भागाकार आता दशांश कापत नाही. पण परवा टक्केवारीचं गणित चाललं असताना सुरभी नावाच्या मुलीनं कुठूनतरी उचललेली ओळ लिहिली, एका तिरप्या रेघेच्या जागी दोन. दोन रेघांचा भागाकार आजही कापतो. चाळीसपैकी एकतीस गुण, आणि पडद्यावर ०.०.

साधनानं सगळ्या वर्गाला थांबवलं. एक रेघ खोडायला लावली, ७७.५ आलं. मग ती म्हणाली की यापुढं कुणीही प्रोग्रॅम चालवायच्या आधी निदान एक उत्तर कागदावर काढायचं, आणि ज्या मशीनवर तो रोज चालणार आहे त्याच मशीनवर ते जुळवून पाहायचं. आणि त्यासाठी उत्तर शून्य येणार नाही असंच उदाहरण घ्यायचं. आवाज थोडा चढला होता, पोरं एकमेकांकडं पाहू लागली.

सुरभीनं हात वर केला. "मॅडम, उत्तर आपल्याले आधीच माहीत असन, तर मग कम्प्युटर कायले पाह्यजे?"

प्रश्न वावगा नव्हता. साधना फळ्याजवळ खडू घेऊन उभी राहिली. मग तिनं फळ्यावर १७ / २० लिहिलं आणि पुढं बरोबरची खूण करून उत्तराची जागा रिकामी सोडली. बाहेर पुढच्या बॅचची पोरं चपला काढत होती.